वाचता येते, थांबवता येत नाही

मोबाइलवरच्या फसवणुकीबद्दल आपल्या मोहल्ल्यांत बोलले जाते ते ओटीपी मागणाऱ्या फोनबद्दल, लॉटरीच्या मेसेजबद्दल, बनावट लिंकबद्दल. मला बोलायचे आहे ते वेगळ्याच प्रकाराबद्दल. त्यात चोर नसतो, लिंक नसते, ओटीपीही कुणी मागत नाही. एक देखणे ॲप असते, त्यावर सात दिवस फुकट अशी पाटी असते, आणि नंतर दर महिन्याला खात्यातून तीन-चारशे रुपये गुपचूप कापले जातात. माणूस सबस्क्रिप्शन बंद करायला गेलेला असतो. बंद झाले असे समजून तो फोन खाली ठेवतो. बंद मात्र झालेले नसते, कारण शेवटचे एक पाऊल राहिलेले असते आणि ते पाऊल त्याला न कळणाऱ्या भाषेत लपवून ठेवलेले असते.

याला मी निष्काळजीपणा म्हणायला तयार नाही. ज्या भाषेत पैसे द्यायचा होकार घेतला ती भाषाच माणसाला कळत नसेल, तर तो होकार कच्चा आहे. आणि ज्या भाषेत नकार द्यावा लागतो तीही कळत नसेल, तर तो सापळा आहे. आपल्या समाजात हा सापळा जास्त खोल जातो, याचे कारण आपल्याच एका जुन्या सवयीत आहे. ती सवय म्हणजे अर्थ न कळता वाचणे.

हे नेमके कसे घडते ते चिपळूणजवळच्या गावात राहणाऱ्या माझ्या खालाच्या उदाहरणावरून सांगते. खाला बावन्न वर्षांची आहे. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, घरात कोकणी बोलणारी, आणि कुरआनची तिलावत अशी सुरेख करणारी की गावातल्या मुली तिच्याकडे नाजरा शिकायला येतात. तिच्या मुलाने कुवेतहून पाठवलेल्या फोनवर तिने रमजानमध्ये तजवीद शिकवणारे एक ॲप घेतले. फोन मराठीत होता, पण ते ॲप फक्त अरबीत होते. खालाला त्याचे काहीच वावगे वाटले नाही. कुरआन शिकवणारे ॲप अरबीत असणारच, असे तिला वाटले. सात दिवस फुकट, नंतर महिना ३९९ रुपये. हे आकडे तिला दिसले होते. तिने यूपीआयचा पिन टाकला, कारण पिन टाकल्याशिवाय फुकटचे सात दिवसही सुरू होत नव्हते.

पाचव्या दिवशी तिने ते बंद करायचे ठरवले. ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन तिने ‘اشتراك’ हा शब्द शोधून काढला. इश्तिराक, म्हणजे सबस्क्रिप्शन. आपल्या ‘शरीक’ या शब्दाचे मूळ आणि याचे मूळ एकच. त्यावर दाबल्यावर एक मोठे पान आले. त्यात काय काय गमवाल याची यादी होती आणि तळाशी हिरवे मोठे बटण होते. ते बटण चालू ठेवण्याचे होते. त्याच्याखाली फिकट राखाडी, बारीक अक्षरांत ‘إلغاء الاشتراك’, म्हणजे सबस्क्रिप्शन रद्द करा, असे लिहिलेले होते. खालाने ते बारीक अक्षर शोधून दाबले. इथपर्यंत ती कुठेही चुकली नाही.

मग एक छोटी चौकट उघडली. रद्द करायचे का, असा प्रश्न, आणि खाली दोन बटणे. एकावर ‘إلغاء’, दुसऱ्यावर ‘تأكيد’. खालाने दोन्ही शब्द मोठ्याने, मखरजसकट बिनचूक वाचले. इल्गा. ताकीद. आता मराठी घरात वाढलेल्या माणसाने ‘ताकीद’ वाचल्यावर काय समजावे? ताकीद म्हणजे दटावणी, इशारा. मास्तर मुलाला ताकीद देतात, कोर्ट आरोपीला ताकीद देते. तिला वाटले, हे धोक्याचे बटण आहे, याला हात लावायचा नाही. आणि ‘इल्गा’ तर तिने आताच आधीच्या पानावर दाबले होते, म्हणजे रद्द करण्याचा शब्द हाच. तिने ‘इल्गा’ दाबले.

घडले नेमके उलटे. अरबीत ‘ताकीद’ म्हणजे पक्के करणे, खात्री देणे. मराठीत येता येता त्या शब्दाचा अर्थ सरकला. त्या चौकटीत ‘तअकीद’ म्हणजे ‘होय, रद्द करा’, आणि ‘इल्गा’ म्हणजे ‘ही चौकट रद्द करा, मागे फिरा’. खालाने रद्द करणेच रद्द केले. चौकट मिटली, पान पुन्हा पहिल्यासारखे दिसू लागले आणि तिला वाटले की काम झाले. आठव्या दिवशी ३९९ रुपये कापले गेले. पुढच्या महिन्यात त्याच तारखेला आणखी ३९९. दुसऱ्या वेळी बँकेचा मेसेज तिच्या लक्षात आला आणि दुसऱ्या दिवशी तिने मला फोन केला.

ही खोड फक्त अरबीची नाही. इंग्रजी ॲपमध्ये ‘Cancel subscription?’ असा प्रश्न विचारून खाली ‘Cancel’ आणि ‘Continue’ अशी दोन बटणे देतात. ‘Continue’ म्हणजे सबस्क्रिप्शन पुढे चालू ठेवा की रद्द करण्याचे काम पुढे न्या? इंग्रजी माध्यमात शिकलेला मुलगाही तिथे थांबतो. उर्दूत ‘منسوخ کریں’ हा शब्द दोन्हीकडे वापरला की तोच गोंधळ. आणि मराठीत भाषांतर करून ‘रद्द करायचे आहे का?’ या प्रश्नाखाली ‘रद्द करा’ आणि ‘ठीक आहे’ अशी बटणे दिली, तर मराठीतही माणूस तसाच फसेल. म्हणून नुसते मराठी द्या एवढी मागणी पुरत नाही. बटणावर त्या कृतीचे पूर्ण नाव हवे. ‘सबस्क्रिप्शन बंद करा’ आणि ‘सबस्क्रिप्शन चालू ठेवा’. या दोन बटणांत गल्लत करायला जागाच उरत नाही. ज्या कंपनीला ग्राहकाला सोडायचे असते तिला हे सुचते, आणि जिला सोडायचे नसते तिला ‘इल्गा’ सुचतो.

खालाच्या फोनवर मी तिला दुसऱ्यांदा तो सगळा रस्ता चालायला लावला. तेव्हा अजून दोन गोष्टी दिसल्या आणि त्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट दिशेची. अरबी आणि उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, त्यामुळे त्या भाषांतल्या ॲपची मांडणीही आरशातल्यासारखी उलटते. मागे जाण्याचा बाण उजवीकडे असतो, मेनू दुसऱ्या कोपऱ्यात जातो, चौकटीतल्या दोन बटणांच्या जागा बदलतात. मी माझ्या फोनवरच्या सवयीने तिला उजवीकडचे दाब म्हणत होते, आणि तिच्याकडे मला हवे असलेले बटण डावीकडे होते. म्हणून फोनवरून कुणाला मदत करताना डावे-उजवे सांगू नका. बटणावरची अक्षरे एकेक वाचून घ्या, नाहीतर स्क्रीनशॉट मागवा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ‘तअकीद’ दाबल्यावर पुढचे पान आले: का सोडताय, महाग वाटते, वेळ मिळत नाही, दुसरे ॲप मिळाले. उत्तर निवडून पाठवल्यावर पडदाभर हिरवी बरोबरची खूण आली आणि ‘شكرًا لك’ असे आभार आले. शुक्रन हा शब्द तर आपल्यातल्या लहान पोरालाही कळतो. कुणालाही वाटेल की संपले. पण आभार कारण सांगितल्याबद्दल होते, सबस्क्रिप्शन अजून जिवंत होते. त्या हिरव्या खुणेच्या खूप खाली, पान वर सरकवल्यावर, एक बारीक ओळ होती: ‘المتابعة إلى المتجر’. म्हणजे स्टोअरकडे पुढे जा. तीच ती लपवलेली पायरी. खालाने पहिल्या दिवशी ‘ताकीद’ दाबले असते, तरी इथे येऊन ती नक्की थांबली असती आणि पैसे तसेच कापले गेले असते.

असे का? कारण अँड्रॉइड फोनवर ॲपच्या आतून घेतलेले सबस्क्रिप्शन बहुतेक वेळा ॲपकडे नसतेच, ते गूगल प्ले स्टोअरच्या खात्यावर असते. आयफोनवर ते ॲपलच्या खात्यावर असते. ॲपमधली ‘बंद करा’ची पाने म्हणजे दुकानाबाहेरचा ओटा. तिथे कितीही गप्पा मारल्या तरी वहीतली नोंद आतच खोडावी लागते. ती वही स्टोअरमध्ये असते.

यातूनच खरा उपाय निघतो. ॲप कुठल्याही भाषेत असो, स्टोअर तुमच्या फोनच्या भाषेत बोलते. खालाचा फोन मराठीत होता, म्हणून प्ले स्टोअर मराठीत होते. अरबी पानांच्या त्या भूलभुलैयात शिरायची तिला गरजच नव्हती. म्हणून माझा सल्ला असा की परक्या भाषेतल्या ॲपमध्ये सबस्क्रिप्शन बंद करायला जाऊच नका. थेट स्टोअरमध्ये जा.

अँड्रॉइडवर प्ले स्टोअर उघडा आणि वरच्या कोपऱ्यातल्या स्वतःच्या गोल चित्रावर दाबा. आधी तिथला ईमेल नीट पाहा. घरात एकाच फोनवर दोन गूगल खाती असतात, आणि सबस्क्रिप्शन ज्या खात्यावरून घेतले त्याच खात्यात ते दिसते. खालाच्या फोनवर तिच्या मुलाचेही खाते होते. तिने प्ले स्टोअर उघडले तेव्हा ते खाते चालू होते, म्हणून यादी रिकामी दिसत होती. यादी रिकामी आहे म्हणजे सबस्क्रिप्शन नाही असे समजू नका, खाते बदलून पुन्हा बघा. मग ‘Payments & subscriptions’ आणि त्यात ‘Subscriptions’. मराठी फोनवर हेच शब्द मराठीत, त्याच जागी दिसतील. यादीतले ॲप उघडा आणि ‘Cancel subscription’ दाबा. इथेही कारण विचारतात. सांगायचे नसेल तर उत्तर देत नाही असा पर्याय निवडा आणि पुढे जा. यानंतर पुन्हा एकदा ‘Cancel subscription’ असे बटण येते. खरा निर्णय या दुसऱ्या बटणावर होतो. पहिल्यावर थांबणारा माणूस दारापर्यंत जाऊन परत आलेला असतो.

आयफोनवर Settings उघडा, सर्वांत वर असलेल्या आपल्या नावावर दाबा, मग ‘Subscriptions’. ॲप निवडून ‘Cancel Subscription’ दाबा आणि पुढच्या चौकटीत पक्के करा. तिथे रद्द करण्याचे बटणच दिसत नसेल, किंवा मुदत संपण्याची तारीख लाल अक्षरांत दिसत असेल, तर ते आधीच बंद झाले आहे. फुकटचे दिवस संपायच्या किमान २४ तास आधी हे करा, शेवटच्या रात्रीवर ठेवू नका.

आता, झाले हे ओळखायचे कसे? ॲपची हिरवी खूण हा पुरावा नाही, आभार हा पुरावा नाही. ॲप उघडते की नाही यावरूनही काही ठरत नाही, कारण रद्द केल्यावरही आधी दिलेल्या पैशांची मुदत संपेपर्यंत ते चालू राहू शकते. पुरावा तीन ठिकाणी असतो. स्टोअरच्या त्याच पानावर पुढचे पैसे कापण्याची तारीख जाऊन मुदत कधी संपणार ती तारीख येते, आणि रद्द करण्याच्या बटणाच्या जागी पुन्हा सुरू करण्याचे, ‘Resubscribe’ असे बटण येते. दुसरा पुरावा म्हणजे रद्द झाल्याचा ईमेल. तो आला नसेल तर काम झाले नाही असे धरून चाला. तिसरा पुरावा पुढच्या तारखेला पैसे न कापले जाणे, पण तिथपर्यंत वाट पाहू नये. पहिल्या दोन गोष्टींचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

आणि ॲप फोनमधून काढून टाकणे? आमच्याकडे दहापैकी नऊ जण हेच सांगतात: डिलीट मार, विषय संपला. विषय संपत नाही. ॲप काढल्याने सबस्क्रिप्शन बंद होत नाही, फक्त आठवण करून देणारी खूण डोळ्यांसमोरून जाते. पैसे कापणाऱ्याला यापेक्षा सोयीचे काही नाही.

काही जण यूपीआय ॲपमध्ये जाऊन ‘AutoPay’ किंवा ‘Mandates’ या भागातली परवानगी रद्द करतात. सबस्क्रिप्शन स्टोअरमधून न घेता एखाद्या कंपनीच्या वेबसाइटवरून थेट घेतले असेल, तर तिथे हा उपाय गरजेचा आहे, कारण पैशाचा नळ तिथेच आहे. पण स्टोअरमधल्या सबस्क्रिप्शनला हा अर्धाच उपाय आहे. पैसे न मिळाल्यामुळे स्टोअर ते सबस्क्रिप्शन काही काळ अडकवून ठेवते आणि पैसे भरा असे सांगत राहते. नंतर दुसऱ्या कशासाठी तुम्ही खात्याला नवा पैशाचा मार्ग जोडला तर ते पुन्हा सुरू होऊ शकते. म्हणून आधी स्टोअरमध्ये रद्द करा, मग परवानगीही काढा.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे आपोआप पैसे कापायच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना द्यावी लागते, आणि तो व्यवहार किंवा ती परवानगीच नाकारण्याची सोय द्यावी लागते. ही सूचना खालाला दोन्ही वेळा आली होती. इंग्रजीत. आणि तिच्यात ॲपचे नाव नव्हते, प्ले स्टोअरचे होते. जाहिरातींच्या पन्नास मेसेजमध्ये तो एकावन्नावा. नियम पाळला गेला, पण ज्याच्यासाठी नियम केला त्या माणसापर्यंत तो पोचलाच नाही.

पैसे परत मागता येतात, त्यालाही घड्याळ आहे. प्ले स्टोअरवर पैसे कापल्यापासून ४८ तासांच्या आत मागणी केली तर स्टोअरकडून ते परत मिळण्याची शक्यता असते. त्यानंतर स्टोअर बहुतेकदा ॲपवाल्याकडे बोट दाखवते. खालाने दुसऱ्या कपातीच्या दुसऱ्याच दिवशी फोन केला, म्हणून तेवढे ३९९ परत आले. पहिले ३९९ गेले. ॲपवाल्यांना मी मेल केला, उत्तर आले नाही.

आता वादाकडे येते. या विषयावर मोहल्ल्यात बोलले की तीन उत्तरे मिळतात आणि तिन्ही मला मान्य नाहीत.

पहिले उत्तर असते, आपले लोक शिकलेले नाहीत, म्हणून फसतात. हे उत्तर आपल्यातले शिकलेले लोकच मोठ्या समाधानाने देतात. त्यांना मी अमेरिकेतले उदाहरण देते. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने जून २०२३ मध्ये ॲमेझॉनवर दावा लावला. प्राइम सोडायचे तर ग्राहकाला चार पाने, सहा क्लिक आणि पंधरा पर्याय ओलांडावे लागत, असे त्यात म्हटले होते. कंपनीच्या आत या वाटेला ‘इलियड’ असे नाव होते, होमरच्या त्या लांबलचक युद्धकाव्यावरून. सप्टेंबर २०२५ मध्ये अडीच अब्ज डॉलरवर तडजोड झाली, त्यातले दीड अब्ज ग्राहकांना परत द्यायचे ठरले. ते ग्राहक इंग्रजी बोलणारे होते आणि पाने इंग्रजीतच होती. भाषा कळत असताना ही अवस्था असेल, तर भाषा न कळणाऱ्या खालाला अडाणी म्हणायचा अधिकार कुणाला आहे?

दुसरे उत्तर जास्त धोकादायक आहे. दीनी ॲप आहे, चार पैसे गेले तर सवाबच. मला या वाक्याचा राग येतो. सवाब दिलेल्या पैशाचा असतो, काढून घेतलेल्या पैशाचा नसतो. कुरआनातली सगळ्यांत मोठी आयत कशाबद्दल आहे ते आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? सूरह बकराची २८२वी आयत देण्याघेण्याच्या व्यवहाराबद्दल आहे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, ज्याला स्वतः सांगता येत नाही त्याच्या वतीने त्याच्या वडीलधाऱ्याने सांगावे, साक्षीदार ठेवावेत, असे तिचे सांगणे आहे. म्हणजे व्यवहार दोन्ही बाजूंना स्वच्छ कळला पाहिजे. आणि त्याच ग्रंथाच्या नावावर चालणारे ॲप नकाराचे बटण राखाडी करून लपवते! त्या ॲपवर हिरवा रंग आहे, घुमट आहे, म्हणून आपण त्याच्यापुढे मान तुकवायची? दुकानदार दाढीवाला आहे म्हणून काट्यात झोल असलेला तराजू हलाल होत नाही.

इथेच ती जुनी सवय समोर येते. खालाला अरबी वाचता येत होते. मोहल्ल्यातल्या कुणापेक्षाही चांगले. पण चाळीस वर्षांत तिला कुणी अर्थ शिकवला नाही. अक्षरे ओळखायची, सूर लावायचा, अर्थ मौलानांना विचारायचा. इबादतीत या सवयीचे काय करायचे यावर या मासिकात पुष्कळ वाद झाले आहेत, ते मी पुन्हा उकरत नाही. पण तीच सवय बाजारात गेली की काय होते ते बघा. अक्षर ओळखीचे दिसले की भरवसा बसतो आणि अर्थ विचारायचे सुचतच नाही. तमिळ किंवा चिनी ॲप असते तर खाला पहिल्या पानावरच सावध झाली असती. अरबीपुढे ती सावध झाली नाही, कारण त्या लिपीसमोर सावध व्हायचे नसते असे आपणच तिला शिकवले. लिपीबद्दल आदर ठेवा, पण बिल कुठल्याही लिपीत आले तरी अर्थ विचारा.

तिसरे उत्तर, हे प्रश्न छोटे आहेत, समाजापुढे मोठे प्रश्न आहेत. मोठे प्रश्न आहेतच. पण आठशे रुपये छोटे कुणाला? मुलींना नाजरा शिकवून खालाच्या हाती महिन्याला जे येते त्यातले ते आठशे होते. आणि नागरिकत्व फक्त मतदानाच्या दिवशी नसते. माझ्या खात्यातून माझ्या संमतीशिवाय रुपया जाता कामा नये, हाही नागरिकाचाच दावा आहे.

कायदा या बाबतीत अगदी मुका नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘डार्क पॅटर्न’बाबत मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यात अशा तेरा क्लृप्त्या नाव घेऊन सांगितल्या आहेत. सबस्क्रिप्शनचा सापळा ही त्यातली एक: रद्द करण्याचा पर्याय लपवणे, ती वाट लांब आणि किचकट करणे, फुकट सेवेसाठीही आपोआप पैसे कापण्याची परवानगी आधीच घेणे. फसव्या शब्दांचा प्रश्न विचारणे ही आणखी एक. एक बटण ठळक आणि दुसरे फिकट करणे ही तिसरी. खालाच्या ॲपमध्ये या तिन्ही होत्या. आणि ही तत्त्वे भारतात नियमितपणे सेवा देणाऱ्या सर्वांना लागू आहेत, कंपनी कुठल्याही देशातली असली तरी.

उणीव आहे ती भाषेची. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ सांगतो की माणसाची माहिती घेण्यासाठी संमती मागताना ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचण्याचा पर्याय त्याला दिला पाहिजे. त्या अनुसूचीत मराठी आहे, उर्दू आहे, कोकणी आहे. हा कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. मग माझ्या माहितीला जो न्याय, तो माझ्या पैशाला का नाही? दर महिन्याला पैसे कापायची परवानगी आणि ती मागे घेण्याची वाट, दोन्ही माझ्या भाषेत मिळाल्या पाहिजेत. हे अशक्य आहे असे सांगणाऱ्यांना जर्मनी दाखवावा. तिथे १ जुलै २०२२ पासून वेबसाइटवर करार संपवण्याचे बटण सक्तीचे आहे. पक्के करण्याच्या शेवटच्या बटणावर ‘jetzt kündigen’, म्हणजे ‘आता रद्द करा’, असे किंवा तितकेच निःसंदिग्ध शब्द असले पाहिजेत, आणि रद्द झाल्याची लेखी पोच लगेच इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिली पाहिजे. बटणावर काय लिहायचे हे तिथे कंपनीच्या मर्जीवर सोडलेले नाही.

हा कायदा मागायचा तर तक्रारींचा ढीग लागतो, आणि ढीग आपण घालत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे मराठीतही बोलता येते. तक्रारीत तीन गोष्टी सांगा: कुठल्या तारखेला रद्द करायचा प्रयत्न केला, कुठल्या पानावर कुठले बटण होते, आणि नंतर किती रुपये कधी कापले गेले. ॲपची भाषा कुठली होती आणि तक्रारदाराची कुठली, हेही आवर्जून नोंदवायला लावा. आज त्या नोंदीचा उपयोग दिसणार नाही, पण भाषेचा नियम उद्या मागायचा असेल तर आधार हाच असेल. खालाची तक्रार आम्ही याच पद्धतीने नोंदवली.

या महिन्यात एक करा. घरातल्या अम्मी, अब्बा, खाला, दादी यांचे फोन हातात घ्या आणि स्टोअरमधली सबस्क्रिप्शनची यादी त्यांच्यासमोर उघडा. प्रत्येक ओळ त्यांना मराठीत वाचून दाखवा, हे तुम्हाला हवे आहे का असे विचारा, आणि नको म्हटले तर दुसरे बटण त्यांच्याच बोटाने दाबून घ्या. मग ईमेल आला का ते पाहूनच फोन परत द्या.